आईचा फोन चोरीला गेला, पिन न टाकता ४,८२० रुपये गेले. यूपीआय लाइटमध्ये ही जबाबदारी कोणाची?

मोगरा | बुधवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया वाचावं.

गेल्या मंगळवारी माझी आई (वय ६८) रत्नागिरीहून लांज्याला यायला निघाली. स्टँडवर केळी घेतली, फोनने पैसे दिले आणि गाडीत चढली. घरी येऊन पर्स उघडली तेव्हा फोन नव्हता. शेजाऱ्यांच्या फोनवरून तिने मला कळवलं तेव्हा १.१० झाले होते. बँकेच्या हेल्पलाइनवर माझी तक्रार १.३५ ला नोंदली गेली आणि क्रमांक मिळाला. नंतर सिम बंद केलं, 1930 वरही नोंद केली.

दोन दिवसांनी त्याच नंबरचं सिम परत मिळालं. नव्या फोनवर ॲप चालू करून व्यवहार बघितले, तर त्या दिवशीचे पाच व्यवहार आमचे नव्हते:

११.४२ ला ९५०
११.४९ ला ९००
१२.२० ला ९९०
१२.३१ ला ९८०
१२.५८ ला १,०००

बेरीज ४,८२०. पाचही वेगवेगळ्या दुकानांच्या क्यूआरवर. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये यातला एकही व्यवहार नाही! तिथे त्या दिवशी फक्त दोन वेळा २,००० वजा झालेले दिसतात. म्हणजे नक्की ४,००० गेले की ४,८२०? हिशोब लागत नाही.

आईचा यूपीआय पिन कुठेही लिहिलेला नव्हता आणि ती तो कोणाला सांगतही नाही. फोनला पॅटर्न होता, पण सरळ 'एल' आकाराचा. केळी घेताना कोणीतरी मागून पाहिला असणार. बँकेच्या शाखेत सांगितलं, "व्यवहार तुमच्याच नोंदणीकृत फोनवरून झालेत, लाइटला पिन लागत नाही, त्यामुळे बँकेची जबाबदारी नाही." हे बरोबर आहे का?

बाणकोटकर | बुधवार, रात्री ९.४०

ताई, वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं तुमची काहीतरी गल्लत होते आहे. आमच्या गावात नेट अजिबात धरत नाही, म्हणून मी गेली दोन वर्षं `*99#` लावून ऑफलाइन पैसे पाठवतो. त्यात शेवटी पिन विचारतातच. पिन न टाकता एक रुपयाही जात नाही. त्यामुळे चोराला पिन कळलाच असणार. आईंना नीट विचारून बघा.

अभि_कोथरूड | बुधवार, रात्री १०.०५

बाणकोटकर, `*99#` वेगळं आणि लाइट वेगळं. लाइटला खरंच पिन लागत नाही.

पण ताई, लाइटमधून एका वेळी २०० रुपयांच्या वर जात नाहीत आणि एकूण २,००० च्या वर पैसे राहत नाहीत. त्यामुळे ९५० आणि १,००० चे व्यवहार लाइटचे असूच शकत नाहीत. दुसरं म्हणजे लाइट हे खिशातल्या रोख रकमेसारखं आहे. पाकीट मारलं गेलं तर बँक पैसे देते का? नाही ना? तसंच हे. कटू आहे, पण आरबीआयची भूमिका हीच आहे.

खतावणी | बुधवार, रात्री ११.२०

मी वीस वर्षं बँकेत ताळमेळाचं काम केलं, शेवटची काही वर्षं यूपीआयचंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाणकोटकरांचा मुद्दा. तुमचं `*99#` नेटशिवाय चालतं हे खरं, पण त्यात विनंती थेट बचत खात्यापर्यंत जाते, म्हणून पिन लागतो. लाइटमध्ये उलटं आहे. तिथे पैसे आधीच खात्यातून बाजूला काढलेले असतात. ते काढताना एकदा पिन टाकला की नंतर खर्च करताना पिन नाही. 'ऑफलाइन' या शब्दाने सगळ्यांची फसगत होते. साध्या लाइटने क्यूआरवर पैसे देताना फोनला नेट लागतंच. फक्त बँकेच्या मुख्य खातेप्रणालीला दर वेळी हात लावला जात नाही. दोन्ही फोन नेटशिवाय, एकमेकांना टेकवून पैसे देण्याची सोय म्हणजे लाइट एक्स. ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि तिला एनएफसी असलेले फोन लागतात.

अभि, तुमची मर्यादा जुनी आहे. जानेवारी २०२२ च्या आरबीआयच्या चौकटीत २०० आणि २,००० होते, हे बरोबर. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० चे ५०० झाले. डिसेंबर २०२४ मध्ये लाइटसाठी एका व्यवहाराला १,००० आणि एका वेळी शिल्लक ५,००० अशी मर्यादा झाली. मोगराताईंचे पाचही आकडे १,००० किंवा त्याच्या आत आहेत. मला तर वाटतं, चोराला मर्यादा पक्की ठाऊक होती.

आता स्टेटमेंटचं कोडं. तुम्ही लाइटमध्ये पैसे भरता तेव्हा ते तुमच्या बचत खात्यातून निघून बँकेच्याच एका सामायिक खात्यात जातात. पासबुकात तेवढी एकच ओळ येते. पुढे त्यातून चहा, भाजी, रिक्षा असं काहीही झालं तरी पासबुकात काही उमटत नाही. मुळात ही सोय त्यासाठीच केली, की दहा-वीस रुपयांच्या व्यवहारांचा भार खातेप्रणालीवर पडू नये आणि पासबुक भरून जाऊ नये. तेव्हा स्टेटमेंटमधले २,००० हे चोराने दिलेले पैसे नाहीत. लाइटमध्ये दोनदा पैसे भरले गेले, त्याच्या त्या नोंदी आहेत.

मग प्रश्न असा, की ते भरले कोणी? चोराकडे पिन नव्हता. ताई, आईंच्या ॲपमध्ये 'ऑटो टॉप-अप' चालू होतं का? आणि चोरीच्या आधी लाइटमध्ये किती होते, ते बघता येईल का?

मोगरा | गुरुवार, सकाळी ७.५०

खूप आभार. हो, चालू होतं! मीच दिवाळीत लावून दिलं होतं, तिला सारखा पिन टाकावा लागू नये म्हणून. ५०० च्या खाली गेलं की २,००० आपोआप भरायचे, असं. केळ्यांचे पैसे दिल्यावर लाइटमध्ये २,१४० होते, ते ॲपमध्ये दिसतंय.

रात्रभर डोक्यात तेच चालू आहे. मी ते लावलंच नसतं तर.

खतावणी | गुरुवार, सकाळी ८.३०

ताई, जीवाला लावून घेऊ नका. ॲप स्वतःच 'चालू करा' म्हणून मागे लागतं. आपण हिशोब लावू.

सुरुवातीला २,१४०. ९५० गेले, उरले १,१९०. ९०० गेले, उरले २९०. हे ५०० च्या खाली, म्हणून २,००० आपोआप भरले गेले आणि झाले २,२९०. स्टेटमेंटमधली पहिली ओळ हीच. पुढे ९९० गेले, उरले १,३००. ९८० गेले, उरले ३२०. पुन्हा २,००० भरले गेले, झाले २,३२०. ही दुसरी ओळ. शेवटचे १,००० गेले आणि उरले १,३२०.

म्हणजे बचत खात्यातून गेले ४,०००, चोराने उडवले ४,८२० आणि १,३२० अजून लाइटमध्येच आहेत. फोन चोराकडे गेला म्हणून ते हरवत नाहीत, कारण त्यांची नोंद बँकेच्या खतावणीतही असते. जुन्या फोनवरचं लाइट बंद करून ही शिल्लक मूळ खात्यात जमा करा, असा वेगळा अर्ज द्या. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्या तर शाखेतला माणूस पुष्कळदा सोपी मागणी पूर्ण करतो आणि अर्ज निकाली काढतो.

तक्रारीत ४,००० लिहिलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. पाचही व्यवहारांचे बारा अंकी संदर्भ क्रमांक ॲपमध्ये मिळतील, ते लिहा.

अभि_कोथरूड | गुरुवार, सकाळी १०.१५

मर्यादेबद्दल चुकलो, मान्य. पण मूळ मुद्दा राहतोच. पिन नाही, ओटीपी नाही. वापरणाऱ्याने स्वतः संमती देऊन ही सोय घेतली. मग जोखीम त्याचीच ना? ५,००० ची मर्यादा कशासाठी ठेवली? बुडाले तर तेवढेच बुडावेत म्हणून. म्हणजे बुडणार ग्राहकाचेच, हे गृहीत धरलंय.

खतावणी | गुरुवार, दुपारी १.४०

मर्यादेचं कारण तुम्ही बरोबर सांगितलंत. पण त्यावरून 'बुडाले तर ग्राहकाचेच' असा अर्थ निघत नाही. जानेवारी २०२२ च्या त्याच चौकटीत लिहिलं आहे, की या व्यवहारांनाही ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचे नियम लागू राहतील आणि ग्राहकाला आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येईल. रोख रकमेला असं कुठलंही संरक्षण नसतं, म्हणून पाकिटाची उपमा इथे लागू पडत नाही.

मर्यादित जबाबदारीचे हे नियम जुलै २०१७ चे. त्यांचं सूत्र असं: चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच कुठे आहे, आणि ग्राहकाने बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही तोशीस नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि त्यानंतरचं बँकेचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो.

ताईंच्या प्रकरणात पाचही व्यवहार १.३५ च्या आधीचे आहेत. त्यामुळे सगळा वाद एकाच प्रश्नावर येतो: फोन चोरीला जाणं आणि पॅटर्न सोपा असणं हा निष्काळजीपणा आहे का? नियमात उदाहरण दिलंय ते पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला सांगण्याचं. आईंनी काहीही कोणाला सांगितलेलं नाही. "लाइटला पिन लागत नाही" हे तर निष्काळजीपणा सिद्ध करणारं उत्तरच नव्हे. ती सोयीची रचना आहे आणि रचना ग्राहकाने केलेली नाही.

तरीही बँक हमखास पैसे देईल असं मी म्हणणार नाही. शाखा आणि मुख्यालय दोन्हीकडे "नोंदणीकृत फोन, सबब अधिकृत व्यवहार" हे छापील उत्तर मी पाहिलेलं आहे.

गरमागरम_वडापाव | गुरुवार, दुपारी ३.०५

माझा ठाण्यात गाडा आहे. हे वाचून जरा धास्तीच वाटली. समजा, त्या चोराने माझ्याकडे पंधरा-वीस प्लेट घेतल्या, ९०० दिले. स्पीकर बोलला, मी माल दिला. उद्या बँक म्हणाली हे चोरीचे पैसे, परत द्या, तर? आणि ते फोन टेकवून नेटशिवाय देण्याचं म्हणताय त्यात तर पैसे आले की नाही हे मला लगेच कळणारच नाही. माझ्याकडे दिवसाला साडेतीनशे गिऱ्हाइकं, जवळपास सगळे वीस-चाळीस रुपयांचे. गेल्या महिन्यात एकाने जुना स्क्रीनशॉट दाखवून १६० चा माल नेला.

खतावणी | गुरुवार, सायंकाळी ६.१०

दादा, स्क्रीनशॉटचा लाइटशी काही संबंध नाही. तुमच्या खात्यात जमा झाल्याचं तुमच्या ॲपने किंवा स्पीकरने सांगितल्याशिवाय माल देऊ नका, एवढंच त्यावर उत्तर.

साध्या लाइटने आलेले पैसे तुमच्या खात्यात इतर यूपीआयसारखेच जमा होतात. गिऱ्हाइकाने लाइटने दिले की थेट खात्यातून, हे बहुधा तुम्हाला कळतही नाही. चोरीचा तपास झाला तर पोलीस विचारायला येऊ शकतात, तेव्हा माल दिल्याची वेळ सांगता आली पाहिजे. सायबर तक्रारीत कधी कधी दुकानदाराच्या खात्यातली तेवढी रक्कम गोठवली जाते, हेही खरं आहे. तसं झालं तर आपल्या बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यायचा आणि धंद्याचा पुरावा द्यायचा.

नेटशिवायच्या व्यवहारात दुकानदाराच्या बाजूला तांत्रिक किंवा सुरक्षेचा घोळ झाला, तर त्याचा भार दुकानदाराला जोडून घेणाऱ्या बँकेने उचलायचा, असं चौकटीत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ज्या बँकेमार्फत तुम्ही पैसे घेता, तिने. तो तुमच्या गळ्यात मारता येत नाही.

बाणकोटकर | गुरुवार, रात्री ८.२२

माझा गैरसमज दूर झाला. मोगराताई, आईंवर संशय घेतला त्याबद्दल माफ करा.

एक विचारतो. माझा नातू दहा वर्षांचा आहे. माझ्या फोनवरून गेमसाठी त्याने लाइटमधून पैसे दिले, तर तेही 'अनधिकृत' धरतात का?

खतावणी | गुरुवार, रात्री ८.५५

नाही हो. घरातल्याच्या हातात आपण उघडा फोन दिला, तर त्यावर बँकेकडे दाद मागणं अवघड आहे. नातवाच्या हाती फोन जात असेल तर यूपीआय ॲपला वेगळं कुलूप लावा. अजून एक: असे पैसे परतावा म्हणून आलेच, तर ते लाइटमध्ये नाही, थेट बचत खात्यात येतात. लाइटमध्ये शोधत बसू नका.

रेवती_के | गुरुवार, रात्री १०.३०

मी ग्राहक मंचाच्या तक्रारी लिहून देते, म्हणून एक शंका. खतावणीकाका, तुम्ही म्हणालात तीन दिवस मोजायचे ते बँकेकडून सूचना मिळाल्यापासून. पण चौकटीनुसार बँकेने प्रत्येक छोट्या व्यवहाराचा वेगळा संदेश पाठवणं बंधनकारक नाही, तपशील पोहोचला म्हणजे झालं. मग लाइटच्या ९५० रुपयांची 'सूचना' ग्राहकाला नेमकी कधी मिळाली? ॲपच्या यादीत ओळ आली तेव्हा? दिवसाअखेरच्या एकत्र संदेशाने? की ग्राहकाने ॲप उघडलं तेव्हा?

मोगराताईंनी त्याच दिवशी कळवलं म्हणून त्यांना हा प्रश्न नडला नाही. पण ज्याचा फोन घरीच आहे आणि ज्याला पंधरा दिवसांनी शिल्लक कमी वाटते, त्याचं काय? माझ्या मते घड्याळ सुरूच होत नाही, जोवर बँक कळवल्याचा पुरावा देत नाही.

खतावणी | गुरुवार, रात्री ११.१५

रेवतीताई, मला एवढं ठामपणे म्हणवत नाही. बँका म्हणतील, ॲपमधली नोंद हीच सूचना. ऑटो टॉप-अपचा संदेश मात्र बचत खात्यातून पैसे गेल्याचा असतो आणि तो नियमित येतो. तो आला की तरी ग्राहक सावध झाला पाहिजे, असं बँकेचा वकील म्हणणारच.

रेवती_के | गुरुवार, रात्री ११.३२

तो संदेश चोरीला गेलेल्या फोनवरच आला ना काका! मोगराताईंच्या आईंना तो वाचता येणार कसा? आणि त्यात "तुमच्याच लाइटमध्ये २,००० भरले" असंच असतं. तो वाचून चोरी झाली असं कोणाला वाटेल? मला हे पटत नाही. लोकपालाकडे जाताना हा मुद्दा जरूर मांडा.

अभि_कोथरूड | शुक्रवार, सकाळी ९.०८

काल रात्री माझं स्वतःचं ॲप तपासलं. ऑटो टॉप-अप चालू होतं, केव्हा लावलं आठवतही नाही. बंद केलं. लाइट ठेवलंय, पण ५०० रुपयेच भरतो. माझा हिशोब असा आहे, की ऑटो टॉप-अप चालू असेल तर ५,००० च्या मर्यादेला अर्थ राहत नाही. ती एका वेळच्या शिल्लकीची मर्यादा आहे, नुकसानीची नाही. मोगराताईंच्या उदाहरणात शिल्लक कधीच २,३२० च्या वर गेली नव्हती आणि गेले ४,८२०.

खतावणी | शुक्रवार, सकाळी ९.४०

अगदी नेमकं. टॉप-अप बंद असतं तर २,१४० वर सगळं थांबलं असतं.

मोगरा | पुढच्या आठवड्यातला मंगळवार, रात्री ९.४५

काय झालं ते कळवते.

शिल्लक परत करण्याचा वेगळा अर्ज दिला होता. आज १,३२० आईच्या खात्यात जमा झाले. खतावणीकाका, तुम्ही सांगितलं नसतं तर हे पैसे मागायचे असतात हेच मला कळलं नसतं.

४,८२० ची तक्रार दुरुस्त करून ईमेलने पाठवली, पाचही संदर्भ क्रमांक लिहिले. निष्काळजीपणा कोणता आणि तो कशावरून ठरवला, हे लेखी द्या, असं विचारलं. शाखेतून फोन आला, म्हणाले, "आईंनी पॅटर्न कोणाला दाखवला होता का?" मी म्हटलं, तिने दाखवला नाही, कोणी पाहिला असेल. त्यावर ते म्हणाले, वरिष्ठांकडे पाठवतो. लेखी काहीच नाही. पोलिसांनी पाचपैकी दोन दुकानांचे पत्ते काढलेत, एक पेट्रोल पंप आहे, तिथलं चित्रीकरण मागवलंय.

रेवती, लोकपालाच्या तक्रारीचा मसुदा तुला व्यक्तिगत निरोपातून पाठवू का? बँकेच्या उत्तरासाठी तीस दिवस थांबावं लागतं ना? दुरुस्त तक्रारीपासून मोजायचे की पहिल्या फोनपासून?

आईला नवा फोन घेतला आहे. पॅटर्नऐवजी बोटाचा ठसा ठेवलाय. लाइट नको म्हणाली, पण भाजीवालीला वीस रुपये देताना सहा आकडे टाकताना तिचा हात थरथरतो, मागे रांग असते. म्हणून ३०० रुपये भरून दिलेत, टॉप-अप बंद ठेवून. संपले की मी रविवारी घरी गेले की भरते.

रेवती_के | मंगळवार, रात्री १०.१०

पाठव. पहिल्या लेखी तक्रारीची तारीख धरू, फोनचा तक्रार क्रमांकही सोबत जोड. तू त्यांना लेखी विचारलंस ते फार बरं केलंस, तो ईमेल जपून ठेव.

गरमागरम_वडापाव | मंगळवार, रात्री ११.३०

ताई, पेट्रोल पंपावर चित्रीकरण फार दिवस ठेवत नाहीत. माझ्या ओळखीच्या पंपावर पंधरा दिवसांनी पुसलं जातं. उद्याच पोलिसांना आठवण करा.